धरणाचा आकडा आणि त्याचा पत्ता

जुलैत पहिला जोरदार पाऊस झाला की महाराष्ट्रातल्या शहरांत एकच प्रश्न फिरू लागतो: धरण किती भरलं? मुंबईकर सात तलावांचा हिशेब मांडतात, पुणेकर खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा. पूर्वी हा आकडा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायचा. आता लोकांना तो मोबाइलवर हवा असतो आणि शक्यतो आजचाच हवा असतो. ज्या पानावर असे आकडे, आलेख आणि रंगीत पट्ट्या आपोआप ताज्या होत राहतात, त्या पानाला डॅशबोर्ड म्हणतात.

डॅशबोर्ड बघणाऱ्याला फक्त चित्र दिसतं. म्हणून एका साधनातून दुसऱ्या साधनात तो हलवायचा म्हटलं की चित्र पुन्हा काढायचं एवढंच काम डोळ्यांसमोर येतं. पण चित्र हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड असतात त्या चित्रामागच्या तीन अदृश्य गोष्टी: आकडे कधी ताजे होतात, ते कुठून आणि कोणाच्या परवानगीने येतात, आणि लोक कोणत्या पत्त्यावर येऊन ते बघतात.

उदाहरणासाठी एक काल्पनिक शहर घेऊ. मध्यम आकाराची महापालिका आहे आणि तिला पाणी देणारी तीन धरणं आहेत. धरणावरचे कर्मचारी सकाळी ८ आणि दुपारी ४ वाजता पातळी वाचतात. तासाभरात ती नोंद पाणीपुरवठा विभागातल्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरली जाते. डॅशबोर्ड मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये केलेला आहे. तो रोज साडेनऊ आणि साडेपाचला ताजा होतो. त्याची सार्वजनिक लिंक महापालिकेच्या संकेतस्थळावर आहे, शेकडो व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरली आहे आणि पाणीपट्टीच्या बिलावर क्यूआर कोड म्हणून छापलेलीही आहे. आता पालिकेला हा डॅशबोर्ड मेटाबेस या मुक्त-स्रोत साधनात, स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर न्यायचा आहे. कारण परवान्याचा खर्च असेल, किंवा डॅशबोर्ड ज्याच्या खात्यावर बनवला तो माणूस आता नोकरीत नसेल. दुसरं कारण वाटतं त्याहून जास्त वेळा खरं असतं.

पॉवर बीआयचा अहवाल एका `.pbix` फाइलमध्ये असतो. ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली की डॅशबोर्ड आपल्या हातात आला, असं वाटतं. त्या फाइलमध्ये आलेख असतात, आकड्यांची सूत्रं असतात, डेटा स्वच्छ करायच्या पायऱ्या असतात आणि बहुतेक वेळा डेटाची प्रतही असते. पण रोज साडेनऊला ताजं व्हायचं, ही सूचना त्यात नसते. ती पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेतल्या सेटिंगमध्ये असते. डेटाबेसचा पासवर्ड गेटवे नावाच्या वेगळ्या जोडणीत ठेवलेला असतो. आणि सार्वजनिक लिंक तर ऑनलाइन सेवेनेच तयार केलेली असते. म्हणजे जे हलवायचं त्यातलं काहीच फाइलमध्ये नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे या तिन्ही गोष्टी जिथे आहेत तिथे जाऊन कागदावर लिहून घेणं.

लिहून घेताना वेळापत्रकाचं पान नीट वाचावं, आणि त्याच्या शेजारचं रिफ्रेशच्या इतिहासाचं पान त्याहून नीट वाचावं. त्या यादीत प्रत्येक रिफ्रेशपुढे तो ठरल्या वेळेचा होता की कोणी हाताने चालवला, हे लिहिलेलं असतं. आपल्या शहरात समजा असं दिसलं की जुलै-ऑगस्टमध्ये रोज रात्री आठच्या सुमारास एक हाताने चालवलेला रिफ्रेश आहे. चौकशी केल्यावर कळतं की पावसाळ्यात रात्रीच्या बातम्यांआधी कार्यकारी अभियंत्यांना ताजा आकडा लागतो, म्हणून कार्यालयातलं कोणीतरी बटण दाबतं. हे वेळापत्रक कुठेही नोंदवलेलं नाही, पण लोक त्याच्यावर विसंबून आहेत. नव्या साधनात फक्त साडेनऊ आणि साडेपाच नेलं, तर कागदोपत्री सगळं बरोबर असेल आणि पहिल्याच मोठ्या पावसात आरडाओरड होईल.

जुन्या वेळापत्रकातल्या मर्यादाही कळून घ्याव्यात, कारण त्यातल्या काही गोष्टी नव्या ठिकाणी न्यायच्याच नसतात. साध्या प्रो परवान्यात दिवसातून आठ वेळाच रिफ्रेश ठरवता येतो. ठरलेल्या वेळी तो सुरू होतोच असं नाही, तासाभराचाही उशीर होऊ शकतो. सलग चार वेळा फसला तर सेवा वेळापत्रकच बंद करते. आणि दोन महिने कोणी अहवाल उघडलाच नाही तर वापर नाही असं समजून रिफ्रेश थांबवते. म्हणजे "साडेनऊ" हा शब्द पूर्वीही साडेनऊ ते साडेदहा असाच होता. हे माहीत असलं की नव्या साधनाकडून मिनिटाच्या अचूकतेची अपेक्षा कोणी करणार नाही.

आता मुख्य फरक. आपला पॉवर बीआय अहवाल इम्पोर्ट पद्धतीचा होता. रिफ्रेश म्हणजे डेटाबेसमधून सगळा डेटा उचलून स्वतःकडे प्रत ठेवणं, आणि लोकांना त्या प्रतीवरून चित्र दाखवणं. कार्यालयातली वीज गेली, सर्व्हर बंद पडला, तरी लोकांना सकाळचा आकडा दिसत राहायचा. मेटाबेस अशी प्रत ठेवत नाही. कोणी पान उघडलं की तो तेव्हाच डेटाबेसला प्रश्न विचारतो आणि आलेलं उत्तर दाखवतो, फार तर उत्तर काही वेळ साठवून ठेवतो. मग मेटाबेसमध्ये "साडेनऊला रिफ्रेश" ही सेटिंग कुठे आहे, असं शोधत बसलं तर ती त्या अर्थाने सापडणारच नाही. तिथे वेळापत्रक नाही असं नव्हे. तिथे प्रतच नाही, म्हणून ती ताजी करण्याची वेळही नाही.

काही जणांना हे वरदान वाटतं: सगळं थेट, रिफ्रेशची कटकटच नको. माझं मत वेगळं आहे. सार्वजनिक डॅशबोर्ड थेट कामकाजाच्या डेटाबेसला जोडणं मला पटत नाही. ऑगस्टमध्ये धरण नव्वद टक्क्यांवर गेलं की एका तासात हजारो लोक पान उघडतील, आणि त्यांचा भार त्याच सर्व्हरवर येईल ज्यावर कर्मचारी नोंदी भरत आहेत. शिवाय नोंद भरता भरता कोणी चुकून ६२ ऐवजी ६२० टाकलं तर दुरुस्त करायच्या आतच ते शहरभर झालेलं असेल. साडेनऊचा रिफ्रेश नकळत एक चाळणीही होता: नोंद झाल्यापासून लोकांना दिसेपर्यंत कोणीतरी नजर टाकायला अर्धा तास मिळायचा. म्हणून प्रत ठेवायची पद्धत टिकवावी, फक्त ती साधनाच्या पोटात न ठेवता आपण स्वतः करावी.

यातच जोडणीचा प्रश्नही सुटतो. पॉवर बीआयची ऑनलाइन सेवा कार्यालयातल्या डेटाबेसपर्यंत थेट पोहोचत नव्हती. मध्ये एका विंडोज संगणकावर गेटवे नावाचा प्रोग्राम बसवलेला होता. त्याची खुबी अशी की जोडणी तो आतून बाहेर करतो, बाहेरून आत यायला कुठलंही दार उघडावं लागत नाही. आता मेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर बाहेर आहे. घाईत सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे डेटाबेसचं ५४३२ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटला उघडं करणं. ते करू नये. पूर्वी जी दिशा होती तीच राखावी: कार्यालयातला सर्व्हर ठरल्या वेळी लागतील तेवढ्याच ओळी बाहेर ढकलेल, बाहेरचं कोणी आत येणार नाही.

बाहेर जायच्या ओळी ठरवायला डेटाबेसमध्ये एक व्ह्यू करायचा, म्हणजे साठवलेली एक चौकशी. पॉवर बीआयमध्ये डेटा स्वच्छ करायच्या पायऱ्या फाइलमध्ये होत्या. चाचणीच्या नोंदी वगळणं, धरणांची नावं एकसारखी करणं, साठा दशलक्ष घनमीटरमधून टीएमसीत आणणं, हे सगळं आता व्ह्यूमध्ये लिहायचं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दशलक्ष घनमीटर. हा भागाकार एकाच ठिकाणी असला म्हणजे पुढे तिसरं साधन आलं तरी तो पुन्हा लिहावा लागणार नाही. व्ह्यूमध्ये तेवढेच रकाने ठेवावेत जे सगळ्या जगाला दिसले तरी चालतील. सार्वजनिक डॅशबोर्डवर जो रकाना दिसत नाही तो सुरक्षित आहे, असं कोणत्याही साधनात धरून चालू नये. नोंद कोणी केली त्या कर्मचाऱ्याचं नाव आणि मोबाइल क्रमांक मूळ तक्त्यात असतात, ते व्ह्यूमध्ये येता कामा नयेत.

हा व्ह्यू वाचायला स्वतंत्र वापरकर्ता करावा आणि त्याला फक्त वाचायचा हक्क द्यावा:

```sql
CREATE ROLE dash_reader LOGIN PASSWORD '...';
GRANT USAGE ON SCHEMA report TO dash_reader;
GRANT SELECT ON report.dam_daily TO dash_reader;
```

मूळ तक्त्यावर हक्क द्यायची गरज नाही. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू त्याच्या मालकाच्या हक्कांनी मूळ तक्ता वाचतो. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी: कोणी सुधारणा करताना व्ह्यू पुसून पुन्हा बनवला, तर दिलेला हक्कही पुसला जातो. "काल चालत होतं, आज परवानगी नाही म्हणतंय" अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं. वापरकर्ता स्वतंत्र का, तर जुनी जोडणी बहुधा कोणा माणसाच्या नावाने असते. त्याने पासवर्ड बदलला किंवा त्याची बदली झाली की त्या दिवशी रिफ्रेश बंद.

बाहेरच्या सर्व्हरवर मेटाबेसच्या शेजारी एक छोटा पोस्टग्रेस ठेवायचा आणि त्यात तसाच एक तक्ता करायचा. मग कार्यालयातून ओळी ढकलणारा प्रोग्राम एवढासाच आहे:

```bash
set -e
psql "$OFFICE" -c "\copy (SELECT * FROM report.dam_daily) TO '/tmp/dam.csv' CSV"
psql "$PUBLIC" --single-transaction -v ON_ERROR_STOP=1 \
  -c "DELETE FROM dam_daily" \
  -c "\copy dam_daily FROM '/tmp/dam.csv' CSV"
```

दोन शब्दांवर थांबायला हवं. `set -e` म्हणजे पहिली पायरी फसली तर पुढे जाऊ नकोस. तो नसेल तर कार्यालयातून अर्धवट फाइल निघाली तरी बाहेरचा तक्ता पुसून तीच अर्धवट फाइल भरली जाईल, आणि शहराला एखादं धरणच गायब झालेलं दिसेल. `--single-transaction` म्हणजे पुसणं आणि भरणं हे एकच काम समज. भरून होईपर्यंत वाचणाऱ्याला जुन्याच ओळी दिसतात, आणि मध्येच काही बिघडलं तर पुसलेलंही परत येतं. पॉवर बीआय हे निमूटपणे करत होता, रिफ्रेश फसला तर जुना डेटा तसाच राहायचा. सोय होती म्हणून ती कोणाच्या लक्षातही नव्हती, आता ती आपण मागून घ्यावी लागते.

हा प्रोग्राम क्रॉनवर लावायचा. लिनक्समध्ये ठरल्या वेळी काम करणाऱ्या प्रोग्रामचं हे नाव. इथे एक जुनाच खड्डा आहे. डेटाबेसच्या सर्व्हरचं घड्याळ पुष्कळदा भारतीय वेळेवर नसतं, यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे असतं. पॉवर बीआयच्या पानावर वेळेसोबत टाइम झोनही निवडता येत होता, म्हणून कोणाला याचा विचार करावा लागला नाही. क्रॉनमध्ये सरळ साडेनऊ आणि साडेपाच लिहिलं तर काम दुपारी तीन आणि रात्री अकराला होईल. लक्षण ओळखू येण्यासारखं असतं: सकाळभर कालचाच आकडा, आणि तीननंतर अचानक आजचा. भारतात उन्हाळी-हिवाळी घड्याळबदल नसल्यामुळे हिशेब वर्षभर एकच राहतो. साडेनऊ म्हणजे यूटीसीचे चार, साडेपाच म्हणजे बारा. अभियंत्यांचा रात्रीचा आठचा रिफ्रेश म्हणजे दुपारचे अडीच. तो आता हाताने करायला नको:

```
0 4,12 * * *  /opt/dam/push.sh
30 14 * 6-10 * /opt/dam/push.sh
```

दुसरी ओळ फक्त जून ते ऑक्टोबर चालते. न लिहिलेलं वेळापत्रक अशा रीतीने लिहिलं गेलं.

आता या सगळ्या हलवाहलवीतली जी गोष्ट मला सर्वांत फसवी वाटते, तिच्याकडे येऊ. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात "शेवटचं अद्ययावत" अशी एक वेळ असते. जुन्या अहवालात ती रिफ्रेशच्या क्षणी डेटासोबत साठवली जायची. डेटा थिजला की वेळही थिजायची, आणि तीन दिवसांपूर्वीची तारीख पाहून कोणीतरी फोन करायचं. नव्या साधनात तोच चौकोन उभा करताना माणूस सहज `now()` लिहितो. पण मेटाबेस चौकशी चालवतो ती पान उघडल्यावर. म्हणजे तो चौकोन बघणाऱ्याच्या घड्याळातली वेळ दाखवत राहणार. कार्यालयातला सर्व्हर आठवडाभर बंद असला तरी पान "आत्ताच अद्ययावत" असं सांगत राहील. चुकीचा आकडा निदान खटकतो. चुकीची ताजेपणाची ग्वाही कोणालाच खटकत नाही.

यावर उपाय सोपा आहे, पण कुठली वेळ दाखवायची हे ठरवावं लागतं. आपल्याकडे तीन वेळा आहेत: धरणावर पातळी वाचली ती, ओळी बाहेर ढकलल्या ती, आणि पान उघडलं ती. तिसरी निरुपयोगी. दुसरी वायर चालू आहे का ते सांगते. नागरिकाला हवी असते पहिली, कारण त्याला पाणी कधी मोजलं ते जाणून घ्यायचं असतं. म्हणून `read_at` हा रकाना मूळ नोंदीतूनच यावा आणि पानावर ठळक लिहावं: "पातळी वाचली: आज सकाळी ८ वाजता."

हाच रकाना पहारेकरी म्हणूनही वापरता येतो. पॉवर बीआय रिफ्रेश फसला की मालकाला ईमेल करायचा. क्रॉन मात्र मुद्दाम सोय केल्याशिवाय कोणाला काही कळवत नाही, आणि कार्यालयाची वीजच गेली असेल तर तो कळवणार तरी कसा? म्हणून तक्रार करणारा बाहेरच्या बाजूला असावा. मेटाबेसमध्ये एखादी चौकशी साठवून "उत्तरात ओळ आली तर ईमेल कर" असं सांगता येतं:

```sql
SELECT max(read_at) FROM dam_daily
HAVING max(read_at) IS NULL
    OR max(read_at) < now() - interval '19 hours';
```

१९ तास कुठून आले? दुपारी ४ च्या वाचनानंतरचं पुढचं वाचन लोकांना दिसतं ते दुसऱ्या दिवशी साडेनऊला. म्हणजे सर्व काही सुरळीत असताना डेटा जास्तीत जास्त साडेसतरा तास जुना होतो. त्यावर दीड तासाची सवलत. वायर तुटली तरी ही चौकशी ओरडते, आणि वायर शाबूत असून धरणावरच्या माणसाने नोंदच केली नाही तरीही ओरडते. जुन्या ईमेलला ही दुसरी चूक कधीच कळली नसती, कारण रिफ्रेश तर यशस्वी झालेला असायचा, फक्त नवीन काही नसायचं. पहिली अट तक्ता रिकामा असेल तेव्हासाठी आहे. ती नसेल तर सर्वांत वाईट दिवशीच हा पहारेकरी गप्प बसेल.

मेटाबेसची साठवलेली उत्तरं, म्हणजे कॅशे, याच हिशेबात धरावी. कॅशे तासाभराची ठेवली तर साडेनऊचा आकडा काहींना साडेदहापर्यंत दिसणार नाही. शेजारच्या छोट्या तक्त्यावर भार कमीच येतो, तेव्हा कॅशे थोडकी ठेवलेली बरी.

राहिला पत्ता. पॉवर बीआयची सार्वजनिक लिंक `app.powerbi.com/view?r=` अशी सुरू होते आणि पुढे अक्षरांची लांबलचक माळ येते. ते घर मायक्रोसॉफ्टचं आहे, पालिकेचं नाही. तिथे आलेल्या माणसाला आपोआप नव्या ठिकाणी वळवायची सोय पालिकेकडे नाही. संकेतस्थळावरची लिंक पाच मिनिटांत बदलता येईल, पण बिलावर छापलेला क्यूआर कोड बदलता येत नाही, आणि कोणाच्या तरी काकांनी सोसायटीच्या गटात पिन केलेली लिंकही नाही.

तेव्हा पत्ता टिकवायचा तर साधन बदलायच्या आधी पत्ता बदलावा लागतो. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण क्रम असाच आहे: आधी पालिकेच्या स्वतःच्या डोमेनवर एक पत्ता घ्यायचा, समजा `dharan.example.org`, आणि त्यावर अजून जुनाच पॉवर बीआय डॅशबोर्ड दाखवायचा. पुढच्या बिलांवर, फलकांवर, बातमीपत्रात हाच पत्ता छापायचा. एक-दोन बिलांचे फेरे जाऊ द्यायचे. मग एके दिवशी त्या पत्त्यामागचं साधन बदलायचं.

त्या पत्त्यावरून लोकांना सरळ पुढे पाठवायचं की तिथेच पान दाखवायचं, असा एक छोटा प्रश्न उरतो. पुढे पाठवलं तर ब्राउझरच्या पट्टीत पुन्हा साधनाचा लांबलचक पत्ता दिसतो, आणि लोक पट्टीतलंच कॉपी करून पुढे पाठवतात. म्हणजे तोच खेळ परत सुरू. त्यापेक्षा आपल्या पानात डॅशबोर्ड चौकटीत बसवावा:

```html
<iframe src="https://mb.example.org/public/dashboard/..."
        title="धरणसाठा" width="100%" height="1400"></iframe>
```

साधन बदलताना फक्त `src` बदलायचा. दोन बारकावे आहेत. पॉवर बीआयचं पान ठरलेल्या आकारात स्वतःला आखडून बसवतं, मेटाबेसचं खाली लांबत जातं, म्हणून जुनी उंची ठेवली तर मोबाइलवर चौकटीच्या आत आणखी एक सरकपट्टी येते आणि तिसरं धरण कोणाला दिसतच नाही. दुसरं, मेटाबेसमध्ये सार्वजनिक लिंक एकदा बंद करून परत चालू केली की नवीन ओळखक्रमांक मिळतो आणि जुनी लिंक मरते. "जरा बंद करून चालू करून बघतो" ही आपल्याकडची सार्वत्रिक दुरुस्ती इथे महागात पडते. निदान चौकटीची पद्धत असेल तर नुकसान एका ओळीपुरतं राहतं.

आणि जुन्या लिंकवर येत राहणाऱ्या लोकांचं काय? पॉवर बीआयमध्ये त्याच नावाचा अहवाल त्याच वर्कस्पेसमध्ये पुन्हा प्रकाशित केला तर सार्वजनिक लिंक तीच राहते. म्हणून जुना अहवाल पुसू नये. त्याच्या जागी एकाच पानाचा अहवाल चढवावा: मोठ्या अक्षरांत नवा पत्ता, आणि खाली त्याची लिंक. आकडा एकही नको. जुना आकडा तिथे राहिला तर कोणीतरी तोच फोटो काढून पुढच्या जूनमध्ये पाठवेल.

बदलाच्या दिवसाआधी दोन्ही डॅशबोर्ड पंधरा दिवस शेजारी शेजारी चालवावेत आणि रोज तेच तीन आकडे दोन्हीकडून लिहून घ्यावेत. या तुलनेत जी चूक हमखास सापडते ती एकूण टक्केवारीची. समजा मोठ्या धरणाची क्षमता १०० पैकी ८० भाग आहे आणि ते निम्मं भरलंय. उरलेली दोन छोटी, १५ आणि ५ भागांची, काठोकाठ भरली आहेत. एकूण साठा ४० अधिक १५ अधिक ५, म्हणजे ६० टक्के. नव्या साधनात कोणी तीन टक्केवारींची सरासरी काढणारं तयार बटण दाबलं, तर पन्नास, शंभर आणि शंभरची सरासरी येते ८३ टक्के. शहर निश्चिंत होईल आणि मे महिन्यात टँकर लागतील. आलेख तेवढाच सुंदर दिसतो, म्हणून नजरेने तपासून हे कळत नाही.

तुलना कधी करायची, यात एक गंमत आहे. शहाणा माणूस म्हणेल, पावसाळ्यात हात लावू नका, फेब्रुवारीत करा. ते बरोबरच आहे. पण फेब्रुवारीत साठा दिवसाला जेमतेम थोडासा हलतो. कालचा आकडा आज दिसला तरी फरक दशांशात, तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हणून फेब्रुवारीत काम करावं, पण गेल्या ऑगस्टच्या नोंदी चाचणीच्या डेटाबेसमध्ये घालून त्या रोजच्यासारख्या सोडून बघाव्यात, जेव्हा एका रात्रीत दहा टक्के वाढले होते. आणि एकदा मुद्दाम कार्यालयातली नेटवर्कची वायर काढून ठेवावी. दुसऱ्या दिवशी अकराच्या आसपास पहारेकऱ्याचा ईमेल आला पाहिजे, पानावर कालची वेळ दिसली पाहिजे, आणि वायर परत लावल्यावर पुढच्या फेरीत सगळं आपोआप ताळ्यावर आलं पाहिजे.

सगळं जुळलं की `src` बदलायचा, आणि जुनं आवरायचं. जुन्या जोडणीचा डेटाबेस वापरकर्ता बंद करायचा, आठवडाभर काही तक्रार आली नाही तर काढून टाकायचा. गेटवेचा प्रोग्राम मात्र त्या विंडोज संगणकावरून उडवण्याआधी त्याच्यावर आणखी कोणत्या जोडण्या आहेत त्याची यादी उघडून बघावी. एकच गेटवे अनेक अहवाल वापरू शकतात, आणि धरणासाठी म्हणून बसवलेल्या त्या संगणकावर कधीतरी कोणीतरी मालमत्ता कराच्या वसुलीचा अहवालही जोडून ठेवलेला असतो. तो सापडला तर गेटवे ३१ मार्चपर्यंत राहू द्यावा. वसुलीच्या शेवटच्या आठवड्यात कर विभागाचा रिफ्रेश बंद पाडणं हे धरणाच्या डॅशबोर्डचं काम नव्हे.